ठशाशेजारचं दहाचं नाणं

(कोल्हापुरात शेतकरी आणि निसर्गप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पन्हाळ्याच्या बाजूला उसात कुठे ठसा दिसला, की तासाभरात त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर येतो आणि खाली एकच प्रश्न असतो : बिबट्या आहे का हो? फोटोत नुसता चिखल आणि ठसा असेल, तर मी सरळ सांगतो की मला कळत नाही. नखं उमटली असतील तर बहुतेक कुत्रं, इतकं आकारावरून बोलता येतं. पण रानमांजर आणि बिबट्या दोघंही नखं आत ओढून चालतात. दोघांचा ठसा दिसायला सारखाच, फक्त रानमांजराचा जेमतेम निम्मा. शेजारी मापाची वस्तू नसेल, तर हा फरक फोटोतून कळायचा कसा?

म्हणून नाणं ठेवा. माझी शिफारस दहाच्या नाण्याची आहे, कारण दोन धातूंचं हे नाणं जुनं असो वा नवं, व्यास २७ मिलिमीटरच. दोन आणि पाचच्या नाण्यांनी मात्र गोंधळ घातलाय. २०११ च्या मालिकेत दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचचं २३ चं होतं. २०१९ च्या मालिकेत नेमकं उलट झालं. पाचचं जुनं नाणं ठेवलं आणि नव्याचं माप धरलं, तर ७८ मिलिमीटरचा ठसा ८५ चा होऊन बसतो.

आता हा फोटो बघा. पाणी पाजलेल्या सरीतला ठसा आहे, शेजारी त्याच पातळीवर दहाचं नाणं. फोटो उभ्यानं, जरा तिरका काढलाय. त्यामुळे नाणं गोल न दिसता लंबगोल दिसतंय : आडवं ९२ पिक्सेल, उभं ८०. (पिक्सेल मोजायचं ॲप नसेल तर फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी लावा. आपल्याला फक्त गुणोत्तर हवंय.) ८० भागिले ९२ म्हणजे ०.८७. याचा अर्थ कॅमेरा सरळ खाली बघत नव्हता, सुमारे ३० अंशांनी कलला होता. कॅमेऱ्याचा कल नाणं असं स्वतःच सांगतं, म्हणून मला ते पेनापेक्षा किंवा काडेपेटीपेक्षा आवडतं.

ठशाची रुंदी नाण्याच्या लांब बाजूच्या दिशेनं आहे, ती भरली २६६ पिक्सेल. २६६ भागिले ९२, गुणिले २७ : ७८ मिलिमीटर. लांबी मात्र दबलेल्या दिशेनं आहे, २३७ पिक्सेल. तिला ९२ नं भागलं तर ७० मिलिमीटर येतात, आणि ते चूक. त्या दिशेला नाण्याचं माप ८० आहे, म्हणून ८० नं भागायचं. मग लांबी येते ८० मिलिमीटर. एकाच फोटोतून एक सेंटिमीटर असा हरवतो. ठसा दोन्ही दिशांना तिरपा पडला असेल तर हा हिशोब किचकट होतो. तेव्हा सरळ वरून दुसरा फोटो मागवावा.

अर्थात ७८ म्हणजे अगदी ७८ नव्हे. नाण्याची कड ओळखताना दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होतात. ९२ मध्ये तीन म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, म्हणून मी ७५ ते ८१ असं सांगतो. फोटो जवळून काढला आणि नाणं तीनशे पिक्सेलचं आलं, तर हीच चूक एका टक्क्यावर येते.

पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आहे, मग तीच का ठेवू नये, असं कुणी विचारतं. लांब मापाचा फायदा खरा आहे, आणि चार कोपरे मिळाल्यानं तिरकेपणाही नीट काढता येतो. पण घडी पडलेली नोट सपाट बसत नाही, वाऱ्यानं कड उचलते आणि ओल्या सरीत कुणी पाचशेची नोट टाकत नाही! शंभराची असेल तर जांभळी की जुनी तेही बघावं लागतं : नवी १४२ मिलिमीटर, जुनी १५७. भिंतीवरची भेग किंवा वीरगळ मोजायचा असेल तर नोट चांगली, चिखलात नाणंच.

सगळ्यात जास्त फसवते ती पातळी. हात चिखलात जाऊ नये म्हणून लोक नाणं वरंब्यावर ठेवतात आणि ठसा खाली सरीत असतो. कॅमेरा ठशापासून ६० सेंटिमीटर आणि नाणं ३ सेंटिमीटर वर असलं, की नाणं पाच टक्के मोठं दिसतं आणि ठसा तितकाच लहान भरतो. ८२ चा ७८ होतो. फोटोत हे सहसा ओळखू येत नाही. नाण्याची सावली त्याच्यापासून सुटलेली दिसली किंवा नाणं स्पष्ट आणि ठसा धूसर असला तर शंका घ्यावी. नाणं ठशाच्या शेजारी, त्याच मातीत, हलकं दाबून ठेवा. ठशात ठेवू नका, कडा मोडतात.

आणि एवढं करूनही मोजलं जातं ते चिखलातलं भोक, पंजा नव्हे. पातळ चिखलात बोटं फाकतात आणि तोच पंजा मोठा उमटतो. त्यामुळे एका ठशावरून नर की मादी हे मी सांगत नाही. पुढे कोरड्या फुफाट्यात त्याच माळेतला दुसरा ठसा सापडला, तर त्याच्याही शेजारी तेच नाणं ठेवून फोटो पाठवा.