रात्री दुखणारे पाय, सकाळी लंगडणारा पाय

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी पेठेतली एक गल्ली, संध्याकाळ. पोरांचा फुटबॉल चाललाय. दोन चपलांच्या मधे गोल.)

निवेदन :
पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवावा लागत नाही. मोठ्यांच्या मॅच शाहू स्टेडियमवर होतात, लहानांच्या गल्लीत. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ही पोरं नुसती पळत असतात. मग जेवणं होतात, अंथरुणं पडतात आणि तासा-दोन तासांनी एखाद्या घरातून रडण्याचा आवाज येतो. "आई, पाय दुखायलेत!"

आज आपण अशा दोन मुलांचे पाय बघणार आहोत. ही मुलं कुठल्या एका घरातली नाहीत. दवाखान्यात येणाऱ्या अनेक मुलांवरून त्यांची गोष्ट बांधली आहे. लक्षणं मात्र जशी असतात तशीच ठेवली आहेत.

(दृश्य : घरातली खोली, रात्र. आजीच्या मांडीवर मुलीचे पाय. वाटीत कोमट तेल.)

निवेदन :
पहिली मुलगी पाच वर्षांची. रविवारी घरच्यांबरोबर जोतिबाला गेली, डोंगरावर पायऱ्या चढली-उतरली, घरी आल्यावर पुन्हा गल्लीत खेळली. रात्री अकराच्या सुमारास रडत उठली. आजीनं विचारलं, "कुठं दुखतंय गं बाळा? बोट लावून दाव."

तिला बोट लावता येईना. तिनं सगळा तळवा मांडीवरून फिरवला, मग पोटरीवरून, मग दुसऱ्या पायावरून. "हितं... आणि हितं पण."

इथं जरा थांबूया, कारण निम्मं निदान या हातात आहे. वाढत्या वयातल्या या दुखण्याला नेमकी जागा नसते. मांडीचा पुढचा भाग, पोटरी, गुडघ्याची मागची बाजू असं ते पसरलेलं असतं. ते स्नायूंत जाणवतं, सांध्यात नाही. बहुतेक वेळा दोन्ही पाय दुखतात, किंवा आज हा आणि परवा तो.

आजीनं तेल लावून पोटऱ्या दाबायला घेतल्या. मुलीनं पाय ओढून घेतले नाहीत, उलट "अजून जोरात दाब" म्हणाली. हीदेखील महत्त्वाची खूण. सांध्याला सूज असेल, हाडात जंतुसंसर्ग असेल, तर मूल हात लावू देत नाही. या दुखण्यात मात्र चोळल्यानं, दाबल्यानं, शेकल्यानं बरं वाटतं. वीस मिनिटांत मुलगी झोपली.

(दृश्य : सकाळ. तीच मुलगी जिन्यावरून उड्या मारत खाली येते.)

निवेदन :
आणि सकाळी ती अशी! रात्री एवढं रडणारी मुलगी हीच का, असा प्रश्न घरच्यांना पडतो. काहींना वाटतं, नाटक करत होती. नाटक नसतं ते. रात्रीचं दुखणं खरंच असतं, आणि सकाळी ते पूर्णपणे गेलेलं असणं हा त्याचा स्वभावच आहे. लंगडणं नाही, सूज नाही, खेळ बंद नाही.

हे दुखणं साधारण तीन ते बारा या वयात दिसतं. मधे आठवडेच्या आठवडे काहीच होत नाही, मग एखाद्या दमणुकीच्या दिवसानंतर पुन्हा उठतं. महिने, कधी एक-दोन वर्षं असं चालतं आणि आपोआप थांबतं. हाडं वाढताना ताणली जातात म्हणून दुखतं, असं आपण ऐकत आलोय. पण मूल सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते पहिल्या वर्षी आणि वयात येताना. हे दुखणं जास्त दिसतं ते या दोन्हींच्या मधल्या वर्षांत. नेमकं कारण अजून कळलेलं नाही. दिवसभराची धावपळ, सैल लवचीक सांधे, काही मुलांत वेदना अधिक जाणवणं, यांचा त्यात वाटा असावा असं मानतात.

झोपण्याआधी पोटरीला ताण देण्याचा व्यायाम काही मुलांना चांगला लागू पडतो. मूल पाय सरळ पसरून बसतं, चवड्याभोवती टॉवेल घालायचा आणि हळूहळू आपल्याकडे ओढायचा. वीस सेकंद धरायचं, सोडायचं, तीन-चार वेळा करायचं.

एखाद्या रात्री दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉल चालतं, पण मात्रा वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे पंधरा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. मूल वीस किलोचं असेल तर जास्तीत जास्त तीनशे मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो बाटलीत. एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्याच्या तेवढ्याच सिरपमध्ये 250. चमचा तोच, औषध दुप्पट. म्हणून लेबल वाचूनच द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. आणि औषध रोज रात्री लागायला लागलं, तर ते दुखणं डॉक्टरांनी बघायला हवं.

(दृश्य : पुन्हा गल्ली. एक मुलगा खेळतोय. कॅमेरा त्याच्या पायांवर. उजवा पाय किंचित आखडता.)

निवेदन :
आता दुसरा मुलगा, सात वर्षांचा. हाही दिवसभर खेळतो, याचाही पाय संध्याकाळी दुखतो. आई त्याच्या गुडघ्याला मलम लावते. शेजारच्या काकू धीर देतात, "वाढीला लागलाय, दुखणारच."

नीट बघितलं तर फरक दिसतो. हा कायम उजवाच गुडघा दाखवतो. खेळून झाल्यावर लंगडतो, आणि गेले काही आठवडे सकाळी शाळेला निघतानाही थोडा लंगडतो. विचारलं तर म्हणतो, "दुखत नाय." तो खोटं बोलत नाही. या आजारात लंगडणं आधी दिसतं आणि दुखणं मागून येतं, असं बऱ्याचदा होतं.

गुडघ्याचा एक्स-रे काढला. नॉर्मल. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथंच महिने वाया जातात. कारण बिघाड गुडघ्यात नाहीच, तो खुब्यात आहे. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या काही नसा एकच असतात, त्यामुळे खुब्याचं दुखणं मुलाला गुडघ्यात जाणवतं. मुलाचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, तर खुबा तपासायचाच, हा हाडांच्या डॉक्टरांचा जुना नियम आहे.

(दृश्य : तपासणीचं टेबल. मुलगा पाठीवर झोपलेला. डॉक्टरांचे हात त्याच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर.)

निवेदन :
तपासणी साधी असते. मुलगा उताणा झोपतो. डॉक्टर त्याची मांडी उभी करून गुडघा काटकोनात वाकवतात आणि घोटा बाहेरच्या बाजूला नेतात. असं केलं की मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. डावा पाय सहज फिरला. उजवा थोडा गेला आणि अडला, मुलाच्या कपाळावर आठी आली. मग दोन्ही पाय बाजूला फाकवून पाहिले. उजवा इथंही कमी पडला.

कंबरेचा एक्स-रे दोन प्रकारे काढला. एक सरळ, दुसरा बेडकासारखे पाय फाकवून. उजव्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा डाव्यापेक्षा चपटा आणि जास्त पांढरा दिसला. पर्थेस आजार. या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. तो का तुटतो हे नक्की समजलेलं नाही. हाडाचा तेवढा भाग मरतो, ठिसूळ होतो, आणि मग शरीर तो दोन ते चार वर्षांत पुन्हा बांधतं. चार ते आठ या वयात हा आजार जास्त आढळतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त. म्हणजे वय तेच, दिवसभर पळणारी पोरंही तीच. म्हणून चकवा बसतो.

सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. लंगडणं चालू असेल तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो किंवा एमआरआय करावा लागतो. "एकदा काढलाय ना फोटो" म्हणून विषय संपवू नका.

(दृश्य : रक्ततपासणीचा कागद, रक्ताच्या नमुन्याची काच.)

निवेदन :
लंगडण्याशिवाय आणखी काही खुणा आहेत, त्या आढळल्या तर वाट बघायची नाही. सकाळी उठल्यावर पाय आखडलेला आणि सांधा सुजलेला असेल, तर मुलांमधल्या संधिवाताची शंका घ्यावी लागते. तापासोबत मूल एक पाय टेकवायलाच तयार नसेल, तर सांध्यात किंवा हाडात जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यायचं. एकाच हाडावर बोट ठेवून मूल रोज रात्री तीच जागा दाखवत असेल आणि दुखणं आठवड्यामागून आठवडे वाढतच असेल, तर त्या जागेचा एक्स-रे हवा. त्यात कधी हाडाची गाठ निघते.

आणि एक जोडी आहे जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते : दुखणारी हाडं आणि फिकट पडलेलं मूल. त्यासोबत वारंवार ताप, मार न लागता उठलेले काळे-निळे डाग, घटलेलं वजन, खेळायची इच्छाच नसणं. असं मूल समोर आलं की रक्ताचा कर्करोग आधी डोक्यात यायला हवा. पहिली पायरी साधी आहे : सीबीसी, आणि रक्ताचा नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. या तपासण्यांआधी कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं, तर मुलाला चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून "सांध्याची गोळी" म्हणून कुणी काही दिलं, तर त्यात नेमकं काय आहे हे विचाराच.

व्हिटॅमिन डीचं मात्र उलटं होतं. पाय दुखले की घरात उरलेलं 60,000 युनिटचं पाकीट मुलाला देऊन टाकतात. मुडदूस असेल, मनगटं जाड झालेली किंवा पाय वाकलेले असतील, तर डॉक्टर तपासून मात्रा ठरवतात. मनानं देत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि पुढे किडनीचा त्रास होऊ शकतो.

(दृश्य : आई मोबाइलवर मुलाच्या चालण्याचं चित्रण करते. मुलगा अनवाणी, अर्धी चड्डी घालून, कॅमेऱ्याकडे येतो आणि वळून परत जातो.)

निवेदन :
डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट सोबत न्या. मूल सकाळी उठल्याबरोबर कसं चालतं याचा व्हिडिओ, आणि खेळून आल्यावरचा दुसरा. समोरून आणि मागून, अनवाणी, गुडघे दिसतील असा. दवाखान्यात मुलं सावरून चालतात, आणि लंगडणं नेमकं तिथंच दिसत नाही. सीपीआर रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत असो की पेठेतल्या बालरोगतज्ज्ञांकडे, त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओनं बरंच काम होतं.

त्या सात वर्षांच्या मुलाचं पळणं आणि उड्या मारणं आता बंद आहे. पोहण्याला परवानगी मिळालीय. खुबा आखडू नये म्हणून आई त्याच्याकडून रोज व्यायाम करून घेते, आणि गोळा खोबणीत नीट बसून राहतोय ना हे बघायला दर काही महिन्यांनी एक्स-रे होतो. तो सरकायला लागला तर शस्त्रक्रियेचा विचार होईल. सहा वर्षांच्या आत हा आजार झालेल्या मुलांचा गोळा साधारणपणे जास्त चांगला गोल भरून येतो. याचं वय सात. म्हणून डॉक्टर त्याला लवकर लवकर बोलावतात.