दोन आकड्यांतला फरक: सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार

श्रोतेहो, नमस्कार.

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. हा साका म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. शाळेत आपण लिहितो की ते पाण्यात विरघळत नाही. खरं तर विरघळतं, पण अगदी थोडं. 25 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम. एवढ्याशा क्षाराचं वजन साध्या तराजूवर भरवशानं कसं करणार? पाणी आटवून करायला जावं तर भांड्याच्या काचेतून सुटलेलं आणि धुळीतून आलेलंच त्याच्याहून जास्त भरेल. म्हणून इथे वजन न करता त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात, आणि त्यावरून विद्राव्यता गुणाकार, म्हणजे संपृक्त द्रावणातल्या दोन्ही आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार, काढतात. पदवीच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग तासाभरात उरकला जातो. त्यातली खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही एका वजाबाकीत आहेत, आणि आज मला त्या वजाबाकीबद्दलच बोलायचं आहे.

आधी हिशेब कसा बसतो ते पाहू. विरघळलेलं सिल्व्हर क्लोराइड पाण्यात चांदीचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन होऊन फिरत असतं. वाहकता दोन गोष्टींवर ठरते: आयन किती आहेत आणि प्रत्येक जण किती वेगानं सरकतो. वेगाचा भाग आधीच माहीत असेल, तर वाहकतेवरून आयनांची संख्या मिळते. तो भाग जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी सोपा करून ठेवला आहे. अतिशय विरल द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतो, सोबत कोण आहे यानं फरक पडत नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे सिल्व्हर क्लोराइडची अनंत विरलतेची मोलर वाहकता, म्हणजे अतिशय विरल द्रावणात एका मोलमागे मिळणारी वाहकता, चांगल्या विरघळणाऱ्या तीन क्षारांवरून काढता येते. सिल्व्हर नायट्रेटची 133.4, त्यात पोटॅशियम क्लोराइडची 149.9 मिळवायची आणि पोटॅशियम नायट्रेटची 145.0 वजा करायची. पोटॅशियम आणि नायट्रेट दोघंही हिशेबातून निघून जातात आणि उरतात 138.3, एकक सिमेन्स चौरस सेंटिमीटर प्रति मोल.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड वॉटरची वाहकता 25 अंशांना 1.10 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर भरली. त्याच पाण्यात सिल्व्हर क्लोराइड घालून संपृक्त द्रावण केलं, तेव्हा मीटरनं 2.93 दाखवले. फरक 1.83. हा फरक क्षाराच्या आयनांचा. त्याला हजारानं गुणून 138.3 नं भागलं की लिटरमागे 13.2 मायक्रोमोल येतात. चांदीचे आयन तेवढेच आणि क्लोराइडचेही तेवढेच, म्हणून या आकड्याचा वर्ग म्हणजे विद्राव्यता गुणाकार. तो येतो 1.75 × 10⁻¹⁰. पुस्तकातला नेहमीचा आकडा 1.8 × 10⁻¹⁰, म्हणजे मेळ चांगला बसला.

बाळाचं वजन करताना आई त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते आणि मग स्वतःचं वजन वजा करते, तसंच हे आहे. फक्त इथे आई आणि बाळ जवळजवळ सारख्याच वजनाचे आहेत. 2.93 मधले 1.10 पाण्याचेच आहेत. पाण्याच्या आकड्यात थोडी जरी चूक झाली, तरी ती फरकात तशीच उतरते आणि पुढे वर्ग करताना दुप्पट होते.

पाण्याला ही वाहकता येते कुठून? अगदी शुद्ध पाण्याची वाहकता 25 अंशांना 0.055 मायक्रोसिमेन्स असते, त्याच्या स्वतःच्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांमुळे. हे पाणी हवेला उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, थोडं कार्बॉनिक आम्ल तयार होतं, आणि हायड्रोजन आयन फार चपळ असल्यामुळे वाहकता एकच्या आसपास जाऊन थांबते. म्हणून सकाळी भरून झाकून ठेवलेलं पाणी आणि बीकरमध्ये तासभर ढवळलेलं पाणी मीटरला एकसारखं दिसत नाही. माझा आग्रह असा, की वजा करायचं पाणी त्याच कॅनमधलं असावं, तशाच बाटलीत, तितकाच वेळ, तितकंच हलवलेलं असावं. एका बाटलीत साका आणि दुसरीत नुसतं पाणी, बाकी सगळं सारखं. बाटलीच्या लेबलवर छापलेला आकडा वजा करणं म्हणजे दुसऱ्याच पाण्याची वाहकता वजा करणं.

सिल्व्हर क्लोराइडच्या बाबतीत ही वजाबाकी न्याय्य आहे, कारण क्लोराइड हा हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लाचा आयन. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांना तो धरून ठेवत नाही, त्यामुळे कार्बॉनिक आम्लाचा वाटा क्षार घालण्याआधी जेवढा होता तेवढाच नंतरही राहतो. बेरियम कार्बोनेट घेतलं तर तसं होत नाही. कार्बोनेट आयन पाण्याशी क्रिया करून बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड देतो, हवेतून आलेल्या कार्बॉनिक आम्लाला तर गिळूनच टाकतो. मग वजा केलेलं पाणी त्या द्रावणात शिल्लकच नसतं, आणि मोजलेले आयनही आपण समजतो ते नसतात. अशा क्षारांसाठी ही साधी रीत वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा शत्रू साक्यातच लपलेला असतो. सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून साका केला की पोटॅशियम नायट्रेट मागे राहतं. थोडं साक्याच्या गोळ्यांत अडकूनही बसतं. लिटरभर द्रावणात ते फक्त एक मिलिग्रॅम उरलं, तरी सुमारे 1.4 मायक्रोसिमेन्सची भर घालतं. आपल्या उदाहरणात फरक 1.83 वरून 3.2 च्या पुढे गेला, म्हणजे विद्राव्यता गुणाकार तिप्पट झाला! त्यामुळे साका पुन्हापुन्हा धुवावा लागतो. पुरेसा धुतला हे ओळखायचं कसं? धुतलेल्या पाण्याचीच वाहकता मोजत जावी. पाणी ओतायचं, चांगलं हलवायचं, साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ मोजायचं आणि फेकून द्यायचं. सुरुवातीला आकडा भराभर खाली येतो, मग हळू, आणि शेवटी लागोपाठच्या धुण्यांत तोच राहतो. जो आकडा हलत नाही, तो सिल्व्हर क्लोराइडचा आणि पाण्याचा. पाणी बदललं तरी हा क्षार पुन्हा तेवढाच विरघळतो, मळ मात्र दरवेळी कमी होत जातो. ही खूण मला फार आवडते, कारण इथे शुद्धतेची साक्ष मोजमापातूनच मिळते. हे सगळं तपकिरी बाटलीत करावं, कारण उजेडात सिल्व्हर क्लोराइड जांभळट पडतं, म्हणजे त्याचं विघटन सुरू झालेलं असतं.

तापमानाबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, ती फार जणांच्या नजरेतून सुटते. तापमान एका अंशानं वाढलं की आयनांची वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते आणि सिल्व्हर क्लोराइडची विद्राव्यता सुमारे 4 टक्क्यांनी. आजचे कंडक्टिव्हिटी मीटर तापमानाची भरपाई आपोआप करतात आणि पडद्यावर 25 अंशांचा आकडा दाखवतात. ही भरपाई साधारण पहिल्या वाढीचीच असते. बाटली 28 अंशांच्या खोलीत ठेवली असेल, तर त्यात 28 अंशांना जेवढा क्षार विरघळतो तेवढाच विरघळलेला असतो, मीटर पडद्यावर काहीही लिहो. विद्राव्यता गुणाकारात त्यामुळे पाव हिश्शाहून जास्त वाढ दिसते. तेव्हा भरपाई बंद करावी, बाटली 25 अंशांच्या जलकुंडात ठेवावी, आणि मीटरचा सेलही त्याच तापमानाला आल्यावर वाचन घ्यावं. संपृक्तपणा दोन्ही बाजूंनी तपासता येतो. एक बाटली थेट 25 अंशांना हलवत ठेवायची, दुसरी आधी कोमट करून मग 25 वर आणायची. दोन्हींचा आकडा एक आला, तर द्रावण खरोखर संपृक्त आहे.

आता ही रीत कुठवर चालते ते पाहू. 138.3 हा आकडा अनंत विरलतेचा. 13 मायक्रोमोलला खरी मोलर वाहकता त्याहून पाव टक्काच कमी असते, म्हणून तो बिनधास्त वापरता येतो. पण जिप्सम घ्या. त्याच्या संपृक्त द्रावणाची वाहकता 25 अंशांना साधारण 2200 मायक्रोसिमेन्स असते, त्यापुढे पाण्याचा वाटा नगण्य. वजाबाकीची काळजीच नाही, तरीही अनंत विरलतेच्या 279 नं भागलं की लिटरमागे 8 मिलिमोल येतात, आणि प्रत्यक्षात विरघळलेले असतात सुमारे 15. दुहेरी भाराचे कॅल्शियम आणि सल्फेट आयन एवढ्या दाटीत एकमेकांना ओढून धरतात, काही जोड्या होऊन फिरतात. अशा जोडीवर एकूण भार नसतो, म्हणून ती वीज वाहत नाही, आणि मीटरला दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला सिल्व्हर आयोडाइड. त्याच्या संपृक्त द्रावणात क्षाराच्या आयनांची वाहकता येते जेमतेम 0.0013 मायक्रोसिमेन्स, तर जगातल्या सर्वांत शुद्ध पाण्याचीच 0.055, म्हणजे चाळीस पटींहून जास्त. इथे वजाबाकीला काही अर्थच उरत नाही. म्हणून सिल्व्हर आयोडाइडसाठी वाहकता सोडून देतात आणि आयोडाइडच्या द्रावणात चांदीची तार बुडवून तिचा विभव मोजतात. तो चांदीच्या आयनांच्या लॉगॅरिथमवर अवलंबून असतो. आयोडाइड किती आहे ते आपणच घातलेलं असल्यामुळे माहीत असतं, त्यामुळे चांदीचं प्रमाण कितीही कमी असलं तरी विभवावरून गुणाकार मिळतो, आणि पाण्याच्या वाहकतेचा प्रश्नच तिथे येत नाही.