रिव्ह्यूअरला ‘नाही’ म्हणायचंय, पण भांडायचं नाहीये: एका रिप्लायची दुरुस्ती

नमस्कार मंडळी. आज एकच कमेंट घेणारे, आणि तिचा रिप्लाय तुमच्यासमोर बदलून दाखवणारे. आरोग्य, शेती, सायकॉलॉजी, कुठल्याही विषयात पेपर पाठवा, ही कमेंट कधी ना कधी येतेच: “तुमचा रिझल्ट सिग्निफिकंट नाही, सॅम्पल छोटं वाटतं, कृपया पोस्ट हॉक पॉवर काढून द्या.”

समजायला सोपं जावं म्हणून मी एक स्टडी आणि त्याचे आकडे बनवलेत. ॲनिमिया असलेल्या बायकांचे दोन गट, एकाला लोहाच्या गोळ्या आणि सोबत आहाराचं समुपदेशन, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. शेवटपर्यंत टिकल्या प्रत्येक गटात ३१ जणी. समुपदेशनवाल्या गटाचं हिमोग्लोबिन सरासरी ०.४ ग्रॅमने जास्त निघालं, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.१ ते अधिक ०.९, पी व्हॅल्यू ०.१२. आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, “समुपदेशनाचा परिणाम होत नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा हं, त्याच्याकडे परत यायचंय.

आता पहिला ड्राफ्ट, रात्री अकराला कमेंट वाचून लगेच लिहिलेला असतो ना तसा:

“सॅम्पल साइजचं गणित पान ६ वर स्पष्ट दिलेले असूनही रिव्ह्यूअरांच्या ते लक्षात आलेले दिसत नाही. पोस्ट हॉक पॉवर ही चुकीची पद्धत आहे हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे आम्ही कोणताही बदल केलेला नाही.”

यातला मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मला हा ड्राफ्ट बघून जास्त वाईट वाटतं. हा रिप्लाय आधी एडिटर वाचतो, आणि त्याला यात काय दिसतं? रिव्ह्यूअरने नीट वाचलं नाही असा आरोप, “सर्वश्रुत” म्हणून कारण देणं टाळलेलं, आणि बदल शून्य. “असूनही” हा एक शब्द काढला तरी अर्धा राग जातो, करून बघा.

पण नुसते शब्द गोड करून भागत नाही, कारण तुम्ही का नाही म्हणताय हे तुम्हालाच नीट माहीत नसेल तर वाक्य एकतर चिडकं होतं नाहीतर लोळण घेतं. म्हणून आधी कारण बघू.

स्टडीत जो फरक निघाला, इथे ०.४, तोच खरा फरक धरून काढलेल्या पॉवरला ऑब्झर्व्ह्ड पॉवर म्हणतात, आणि पोस्ट हॉक पॉवर मागणाऱ्याला बहुतेक वेळा हीच हवी असते. अडचण अशी की ही पॉवर पी व्हॅल्यूवरूनच ठरते. पी बरोबर ०.०५ असेल तर ती साधारण ५० टक्के येते, पी वाढला की ती घटते, आपल्या ०.१२ ला साधारण ३५ टक्के येते. म्हणजे सिग्निफिकंट नसलेल्या कुठल्याही रिझल्टची ऑब्झर्व्ह्ड पॉवर कमीच निघणार, सॅम्पल ३१ असो की ३,१००, तिच्यातून नवीन काहीच कळत नाही, पी व्हॅल्यूच पुन्हा वेगळ्या कपड्यात आली. होएनिग आणि हायसी यांनी २००१ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हे नीट मांडलंय, आणि ट्रायल कशी रिपोर्ट करायची त्या कन्सॉर्टच्या २०१० च्या खुलाशातही हेच आहे, की ट्रायलच्या निकालांवरून नंतर पॉवर काढण्यात फारसा अर्थ नाही, ते काम कॉन्फिडन्स इंटरव्हल करतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रिव्ह्यूअरने मागितलेला उपाय चुकीचा आहे, पण त्याची शंका चुकीची नाहीये. इंटरव्हल ०.९ पर्यंत जातो. स्टडी आखताना तुम्हीच ठरवलं होतं की ०.७५ ग्रॅमचा फरक महत्त्वाचा मानायचा, आणि तो फरक या इंटरव्हलच्या आतच बसतो! मग “परिणाम होत नाही” कसं म्हणता येईल? रिव्ह्यूअरचं बोट चुकीच्या जागी आहे, पण दुखतंय ते खरंच. तेव्हा गणित द्यायचं नाही, वाक्य मात्र बदलायचं.

हा दुसरा ड्राफ्ट. जर्नल इंग्रजी असेल तर तुम्ही इंग्रजीत लिहालच, मी बांधणी मराठीत दाखवते:

“सॅम्पल पुरेसं होतं का, ही रिव्ह्यूअरांची शंका रास्त आहे, आणि ॲब्स्ट्रॅक्टमधला आमचा निष्कर्ष आकड्यांच्या मानाने जास्त ठाम होता. तो आम्ही बदलला आहे (पान २, ओळी १४ ते १७): ‘फरक ०.४ ग्रॅम होता, उणे ०.१ पासून ०.९ पर्यंतचे परिणाम या माहितीशी सुसंगत आहेत, त्यामुळे उपयुक्त परिणामाची शक्यता नाकारता येत नाही.’ मात्र ऑब्झर्व्ह्ड पॉवर आम्ही दिलेली नाही. ती पी व्हॅल्यूवरूनच ठरते, त्यामुळे तिच्यातून वाचकाला अधिक माहिती मिळणार नाही (होएनिग आणि हायसी, २००१). त्याऐवजी आधी ठरवलेल्या ०.७५ ग्रॅम फरकासाठी, १ ग्रॅम स्टँडर्ड डेव्हिएशन धरून, प्रत्येक गटात ३१ सहभागी असताना पॉवर सुमारे ८३ टक्के येते, हे पान ६ वर स्पष्ट केले आहे.”

“मात्र ऑब्झर्व्ह्ड पॉवर आम्ही दिलेली नाही” हे वाक्य बघा. छोटं आहे, सरळ आहे, “कदाचित”, “आमच्या अल्प मते” असलं काही नाही. नकार शोधायला लागला की एडिटरला वाटतं तुम्ही प्रश्न टाळला. आणि नकाराच्या आधी कबुली आहे, ती पण खरी, पानाओळीसकट. नुसतं “मौल्यवान सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार” लिहून पुढे काहीच न बदलणं यापेक्षा ही कबुली कितीतरी जास्त मान देते.

आता ८३ टक्के. तुम्ही म्हणाल, पॉवर दिलीच की शेवटी! नाही, हा फरक नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या राउंडला रिव्ह्यूअर हेच विचारू शकतो. इथे ०.७५ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दोन्ही स्टडी सुरू व्हायच्या आधी ठरलेले, आपण फक्त शेवटी किती जणी उरल्या तो आकडा घातला, निघालेला ०.४ कुठेच वापरला नाही. पण ०.७५ आधी कुठे लिहिलेलाच नसेल, प्रोटोकॉलमध्ये नाही, एथिक्स कमिटीच्या अर्जात नाही, तर आता मागून एखादा सोयीचा आकडा बसवू नका. सरळ लिहा की आधी सॅम्पल साइज काढलेलं नव्हतं, ते मर्यादांमध्ये टाका, आणि इंटरव्हलवर बोला.

आणि समजा दुसऱ्या राउंडला रिव्ह्यूअर परत तेच मागतो. तर पहिलं उत्तर जास्त मोठ्या आवाजात लिहायचं नाही. एडिटरच्या पत्रात दोन ओळी: “या मुद्द्यावर आमचे आणि रिव्ह्यूअर २ यांचे मत वेगळे आहे, आमचे कारण रिप्लायमध्ये दिले आहे, हा आकडा देणे आवश्यक वाटल्यास कृपया कळवावे.” एडिटर म्हणाला द्याच, तर पुरवणीत ३५ टक्के द्या आणि त्याच वाक्यात लिहा की हा आकडा पी व्हॅल्यूवरूनच आलाय.

तुमच्याकडे अशी अडकलेली कमेंट असेल तर नावगाव काढून खाली टाका, पुढच्या व्हिडिओला त्यातलीच एक घेते.