‘हटवा’ आणि ‘काढून टाका’ यांच्यामधली रेघ

(पडद्यावर: एका सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेची दोन पाने, शेजारी शेजारी.)

डावीकडचे पान एका अनुवादकाने केले आहे, उजवीकडचे दुसऱ्याने. मूळ इंग्रजीत दोन्हीकडे ‘डिलीट’ आहे. डावीकडे त्याचे झाले ‘हटवा’, उजवीकडे ‘रद्द करा’. व्याकरणाची चूक कुठेच नाही. पण उजव्याच पानावर खाली ‘कॅन्सल’चे बटण आहे आणि तेही ‘रद्द करा’ असेच छापले आहे. फाइल घालवायची की घालवायचा विचार सोडायचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

हजारो वाक्ये पाच-सहा जणांत वाटली की असे होतेच. म्हणून अनुवाद सुरू होण्याआधी सामायिक शब्दसूची करावी लागते. मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे शब्द संगणक वेचून देतो, पण ती यादी कच्ची असते. जे शब्द बटणांवर आणि मेनूत आहेत, ज्यांची सरमिसळ झाली तर वाचणारा चुकीची कृती करेल, ते आधी घ्यायचे. बाकीचे अनुवादकावर सोडलेले बरे. प्रत्येक साध्या शब्दाला सूचीत कोंबले की ती कुणी उघडत नाही.

(पडद्यावर: तीन शब्द एकाखाली एक.)

नोंदी एकेकट्या लिहू नयेत. डिलीट, रिमूव्ह आणि कॅन्सल हे तिन्ही समोर ठेवले की फरक दिसतो. सदस्याला गटातून ‘रिमूव्ह’ केले तरी त्याचे खाते शाबूत राहते. खाते ‘डिलीट’ केले तर ते उरतच नाही. ही रेघ मराठीतही तशीच उमटायला हवी. ओमेगाटी या अनुवादाच्या सॉफ्टवेअरला साधी मजकूर फाइल चालते. तिच्यात टॅबने वेगळे केलेले तीन रकाने असतात: मूळ संज्ञा, प्रतिशब्द, टीप.

```
delete	हटवणे	कायमचे नाहीसे करणे. वर्ज्य: रद्द करणे
remove	काढून टाकणे	गटातून वेगळे करणे; मूळ गोष्ट राहते
cancel	रद्द करणे	सुरू केलेली क्रिया सोडून देणे
```

वाक्यात यातली संज्ञा आली की अनुवादकाला ती नोंद शेजारच्या चौकटीत दिसते. तिसऱ्या रकान्यातली टीप मला सर्वांत मोलाची वाटते. नुसता प्रतिशब्द दिला तर अनुवादकाला तो पटेलच असे नाही. भेद कळला की तो स्वतःहून पाळतो. सूची तयार झाली की उलट बाजूनेही वाचायची: एकच मराठी शब्द दोन इंग्रजी संज्ञांसमोर बसला आहे का? वरची ‘रद्द करा’ची गफलत अशा वाचनात लगेच सापडते.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट लिहावी लागते: लिंग. ‘फोल्डर उघडला’ आणि ‘फोल्डर उघडले’ ही दोन्ही रूपे लिहिणारे लोक आहेत. शब्द एकच ठरला, पण लिंग ठरले नाही, तर क्रियापदे आणि विशेषणे प्रत्येकाची वेगळी होतात. अनेकवचनाचेही तसेच; ‘फाइली’ की ‘फाइल्स’, हे नोंदीतच सांगून टाकायचे.

(पडद्यावर: शोधाची चौकट. ‘खाते’ टाइप होते.)

मग तपासणी. ‘अकाउंट’ असलेल्या प्रत्येक वाक्याच्या अनुवादात ‘खाते’ आहे का, हे यंत्राकडून पाहून घेता येते. मात्र यंत्र अक्षरे जुळवते, आणि मराठीत शब्द प्रत्यय लागताच रूप बदलतो. ‘खात्यातून’मध्ये ‘खाते’ सापडत नाही, म्हणून बरोबर असलेले वाक्यही चूक म्हणून पुढे येते. अशा खोट्या इशाऱ्यांचा ढीग झाला की अनुवादक खरे इशारेही वाचेनासे होतात. नुसते ‘खात’ शोधले, तर ‘खातरजमा’ही जाळ्यात येते. त्यापेक्षा रूपे नोंदवून तीच शोधायची:

```
खाते|खाती|खात्या
```

शेवटचा शब्द कुणाचा, हेही आधी ठरलेले असावे. नवी संज्ञा कुणीही सुचवावी, मंजुरी एकानेच द्यावी. मंजुरी येईपर्यंत त्या नोंदीसमोर ‘प्रस्तावित’ असे लिहिलेले राहते आणि ती वापरणारी वाक्ये खूण करून ठेवली जातात.

कसोटी लागते ती निम्मे काम झाल्यावर. समजा, पुढच्या एका प्रकरणात ‘रिमूव्ह’ हे यंत्राचे झाकण उघडण्याच्या संदर्भात आले. तिथे ‘काढून टाका’ म्हटले तर वाचणारा झाकण फेकून देईल. अशा वेळी जुनी नोंद खोडायची नाही. तिच्याखाली दुसरी नोंद करायची, ‘काढणे’, आणि टिपेत लिहायचे: ‘सुटा भाग, पुन्हा बसवायचा असेल तेव्हा’. सोबत तारीख घालायची. आधी झालेल्या प्रकरणांतली ‘रिमूव्ह’ची सगळी वाक्ये सूची सांभाळणाऱ्याने स्वतः शोधून पुन्हा वाचायची. ते काम अनुवादकांवर वाटून दिले, तर कुणी करते, कुणाचे राहून जाते, आणि पुस्तिकेत पुन्हा दोन तऱ्हा दिसू लागतात.