भाडे पगाराच्या किती टक्के?

नमस्कार, श्रोतेहो. आज आपण एका छोट्या भागाकाराबद्दल बोलणार आहोत. एखादी रक्कम दुसऱ्या रकमेच्या किती टक्के आहे, हे कसे काढावे, हा आजचा विषय असून, उदाहरणादाखल मी घरभाडे आणि पगार या दोन रकमा घेतल्या आहेत. रीत आपणा सर्वांना शाळेत शिकवलेली आहे. ज्या रकमेचे टक्के काढायचे ती वर लिहावी, ज्या रकमेच्या तुलनेत काढायचे ती खाली लिहावी, भागाकार करावा आणि आलेल्या उत्तराला शंभराने गुणावे. भाडे वर, पगार खाली, आणि मग गुणिले शंभर. परंतु खाली लिहायचा पगार नेमका कोणता, हे ठरवणे त्या भागाकारापेक्षा अवघड असते, आणि ते कसे, हे मला माझ्या बहिणीच्या घरी कळले. तो प्रसंग मी आपल्याला सविस्तर सांगतो.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. चार वर्षे ती मैत्रिणींबरोबर एका वसतिगृहात राहत होती. आता आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, गावाहून आपल्याकडे आणायचे तिने ठरवले आणि दोघींसाठी घर पाहण्यास सुरुवात केली. कार्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर एक घर मिळत होते, त्याचे भाडे महिना 12,000 रुपये होते. मालक अकरा महिन्यांचा करार करण्यास तयार होते आणि सोसायटीचा देखभाल खर्च त्याच भाड्यात धरलेला होता. बहिणीला मात्र धास्ती वाटत होती. इतके भाडे मुलीला झेपेल का, असे तिने मला फोनवर दोनदा विचारले आणि शेवटी मी त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो.

मी पोहोचलो तेव्हा मायलेकींचा वाद रंगात आला होता. भाची म्हणत होती की भाडे पगाराच्या बरोबर तीस टक्के आहे आणि तेवढे चालते. बहीण म्हणत होती की ते जवळजवळ छत्तीस टक्के आहे. त्याआधी बहिणीने मोबाइलवर हाच हिशेब केला होता, तेव्हा तिला 278 असे उत्तर आले होते. तिने पगाराला भाड्याने भागले होते, म्हणजे वरची रक्कम खाली आणि खालची वर गेली होती. पण माझी बहीण हुशार आहे. भाडे पगारातून द्यायचे असताना ते पगारापेक्षा मोठे कसे असेल, असा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि आकडे उलटे करून पुन्हा भागले. श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवावी. जी रक्कम दुसऱ्या रकमेचाच भाग आहे, तिचे टक्के शंभराच्या वर कधीच जात नाहीत. गेले, तर आकड्यांची अदलाबदल झालेली असते. याच्या उलटही एक चूक होते. महिन्याचे भाडे वर्षाच्या पगाराने भागले, तर उत्तर अगदी लहान येते. माझ्या भाचीचा वर्षाचा पगार 4,80,000 रुपये आहे; त्याने 12,000 ला भागले तर अडीच टक्के येतात, आणि पुण्यात अडीच टक्क्यांत घर मिळत नाही, हे कोणालाही कळेल. हल्ली पगार वर्षाच्या आकड्यात सांगण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. भाडे, वाणसामान, विजेचे बिल हे सारे महिन्याला द्यावे लागते, तेव्हा पगारही महिन्याचाच सांगावा.

आता प्रश्न असा होता, की तीस खरे की छत्तीस? मी भाचीला पगारपत्रक आणायला सांगितले आणि आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. पत्रकात सर्वांत वर एकूण पगार 40,000 रुपये होता. त्यातला मूळ पगार 20,000 होता आणि त्याच्या बारा टक्के, म्हणजे 2,400 रुपये, भविष्य निर्वाह निधीसाठी कापले गेले होते. व्यवसाय कराचे 200 रुपये होते, जे महाराष्ट्रात फेब्रुवारीत 300 होतात. त्याखाली पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता 4,000 रुपये होता, कारण भाचीने दुचाकी घेतली होती आणि तो हप्ता परस्पर पगारातून जात होता. या तिन्ही कपातींनंतर बँकेत 33,400 रुपये जमा होत होते.

भाचीने 12,000 ला 40,000 ने भागले होते, म्हणून तिला तीस टक्के मिळाले. बहिणीने बँकेच्या पासबुकातला आकडा, म्हणजे 33,400, घेतला होता, म्हणून तिला 35.93, म्हणजे जवळजवळ छत्तीस टक्के मिळाले. दोघींचे भागाकार बिनचूक होते. भाडे तेच, मुलगी तीच, महिना तोच, आणि तरी उत्तरांत सहाचा फरक! कारण खालची रक्कम दोघींनी वेगवेगळी धरली होती. म्हणून पुन्हा सांगतो, नुसते तीस टक्के म्हणणे अपुरे आहे. कशाचे तीस टक्के, ते बोलले पाहिजे.

मी त्यांना तिसरी रक्कम सुचवली. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर या कपाती थांबवणे भाचीच्या हातात नव्हते, म्हणून ते 2,600 रुपये वजा करणे योग्य होते. दुचाकीचा हप्ता मात्र तिने स्वतः पत्करलेला खर्च होता. तो पगारातून परस्पर जातो म्हणून वजा करायचा, तर किराणाही वजा करावा लागेल, कारण तोही दरमहा द्यावाच लागतो. हप्ता हा भाड्याच्या शेजारी ठेवायचा खर्च आहे, तो पगार लहान करत नाही. म्हणून 40,000 मधून 2,600 वजा करून 37,400 ही रक्कम आम्ही खाली धरली. बहिणीला हे पटण्यास वेळ लागला. ती म्हणाली, “दादा, पण हप्त्याचे पैसे तिच्या हाती येतच नाहीत.” मी म्हणालो, “ते हाती येत नाहीत, पण दुचाकी तिच्या दारात उभी आहे ना?” मग मात्र ती हसली.

आता 12,000 भागिले 37,400 हा भागाकार तोंडी करण्याची एक सोपी रीत आहे. आधी पगाराचा एक टक्का किती रुपये होतो, ते काढावे. त्यासाठी शेवटचे दोन आकडे सोडून द्यावेत. 37,400 चा एक टक्का 374 रुपये. मग 12,000 मध्ये 374 किती वेळा जातात, ते पाहावे. तीस वेळा म्हणजे 11,220, आणखी दोन वेळा म्हणजे 748. दोन्ही मिळून 11,968. उरले 32 रुपये. म्हणजे भाडे बत्तीस टक्क्यांहून किंचित जास्त. आधी एक टक्का काढा, मग तो किती वेळा जातो ते मोजा. आमच्या लहानपणी याला शेकडेवारी म्हणत. शेकडा म्हटले की शंभर रुपयांमागे किती, हे शब्दातूनच कळे. तो शब्द मागे पडला, याचे मला वाईट वाटते. शाळांतून नफातोट्याची उदाहरणे खूप सोडवून घेतात, पण एखादे पगारपत्रकही मुलांपुढे ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

भाचीने मग विचारले, “मामा, तीस टक्क्यांचा तो नियम आला तरी कुठून?” त्याचे एक प्रसिद्ध मूळ अमेरिकेत आहे. तेथील सरकारी मदतीच्या घरांमध्ये भाडेकरूने उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडे देऊ नये, अशी मर्यादा 1969 साली कायद्याने घातली गेली आणि 1981 साली ती तीस टक्के झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तेथे ती टक्केवारी काही ठरावीक वजावटी केल्यानंतरच्या उत्पन्नावर काढली जाते. आपण आकडा उचलला, पण तो कशाचा, हे मागेच राहिले.

त्या घराचा निर्णय अखेर तुलनेने झाला. शहराबाहेर दुसरे घर 10,500 रुपयांना मिळत होते. 374 ने मोजले तर ते अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास येते आणि स्वस्त वाटते. पण तेथून रोज दुचाकीने यायचे, तर महिन्याला 1,800 रुपयांचे पेट्रोल जास्त लागले असते. ते मिळवले की 12,300 होतात, म्हणजे जवळजवळ तेहेतीस टक्के. दोन्ही घरांसाठी आम्ही खालची रक्कम तीच ठेवली आणि वरच्या रकमेत घरामुळे होणारा सारा खर्च धरला, म्हणून ही तुलना खरी ठरली. अनामत रक्कम आम्ही टक्क्यांत धरली नाही, कारण ती घर सोडताना परत मिळायची होती. तिचा हिशेब शिलकीतून करावा लागतो. बहिणीनेच मग जवळच्या घराला होकार दिला.

अकरा महिन्यांनी करार संपला, तेव्हा भाचीचा फोन आला. मालकांनी भाडे दहा टक्क्यांनी वाढवले होते आणि तिचा पगार आठ टक्क्यांनी वाढला होता. दहातून आठ गेले, म्हणजे भाड्याचा वाटा दोन टक्क्यांनी वाढून चौतीसवर गेला, असे तिला वाटत होते. श्रोतेहो, येथे फार जण चुकतात. ते दहा टक्के जुन्या भाड्याचे आहेत आणि ते आठ टक्के जुन्या पगाराचे आहेत. दोन वेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांतून वजा करून वाटा मिळत नाही. वाटा हवा असेल, तर नवे भाडे नव्या पगाराने पुन्हा भागावे लागते.

मी तिला फोनवरच नवे पगारपत्रक वाचायला सांगितले. एकूण पगार 43,200 झाला होता. मूळ पगार 21,600 झाल्यामुळे भविष्य निर्वाह निधीची कपात 2,592 झाली होती आणि व्यवसाय कर 200 रुपयेच होता. उरले 40,408. एक टक्का म्हणजे 404 रुपये. नवे भाडे 13,200. बत्तीस वेळा 404 म्हणजे 12,928, आणि उरले 272, म्हणजे 404 चे साधारण दोन तृतीयांश. भाड्याचा वाटा बत्तीसवरून पावणेतेहेतीसच्या जवळ गेला होता, चौतीसवर नव्हे. तिने मागून आईला हाक मारून तो आकडा सांगितला, आणि पलीकडून बहिणीचा आवाज आला, “कशाचे, ते विचार दादाला.”