केसपेपरवरची एक ओळ आणि दोन पानी पत्र

आपल्या केसपेपरांवर तळाशी एक ओळ वर्षानुवर्षं लिहिलेली असते : 'सिगारेट बंद करणे.' रक्तदाबाची गोळी देताना आपण किती मिलिग्रॅमची, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस आणि त्रास झाला तर काय करायचं, हे सगळं सांगतो. तीस वर्षांची सवय मोडायची असते तेव्हा मात्र तीन शब्द. पेशंट मान हलवतो, बाहेर पडतो आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर पेटवतो. त्याला पटलेलं नसतं असं नाही. पुढच्या तासाभरात नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आज मी त्या एका ओळीच्या जागी लिहायच्या पत्राबद्दल बोलणार आहे. पत्रच का? दवाखान्यात सांगितलेलं निम्मं बाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. पत्र घरी जातं, बायको वाचते, मुलगी वाचते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जीव कासावीस होतो तेव्हा पुन्हा उघडता येतं.

पत्र एका माणसासाठी लिहायचं असतं, म्हणून आपण एक माणूस समोर धरू. त्यांना आप्पा म्हणू. वय ५३, एसटीचे चालक, तीस वर्षं सिगारेट, दिवसाला १८. पहाटे साडेचारला उठतात, सहाची गाडी, आठवड्यातून दोनदा मुक्काम. त्यांना पहिला प्रश्न 'किती ओढता' हा विचारू नका. 'उठल्यावर किती मिनिटांनी पहिली पेटवता' असं विचारा. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दर दोन तासांना साधारण निम्मं होतं, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळजवळ रिकामं झालेलं असतं. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ती निव्वळ सवय राहिलेली नाही, शरीराची मागणी आहे. आप्पांचं उत्तर आहे, दहा मिनिटं. पुढचा सगळा औषधोपचार या एका उत्तरावर ठरतो.

पत्राची सुरुवात कॅन्सरने करू नये. इशाऱ्याचं भयानक चित्र पाकिटावर असतंच, आप्पा ते दिवसातून अठरा वेळा पाहतात. त्याऐवजी त्यांचा स्वतःचा एक आकडा द्या. नळीत फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीच्या मापावरून 'फुप्फुसाचं वय' काढता येतं. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही पेशंटांना हे वय समजावून सांगितलं गेलं आणि वर्षभरानंतर त्यांच्यातले १३.६ टक्के लोक सिगारेट सोडून होते. ज्यांना फक्त मापाचा कोरडा आकडा कळवला होता, त्यांच्यात ६.४ टक्के. तेव्हा पत्रात असं लिहा : 'आप्पा, नमस्कार. परवा तुम्ही नळीत फुंकलंत, त्यावरून तुमची फुप्फुसं ६८ वर्षांच्या माणसाइतकं काम करतात. गेलेली ताकद पूर्ण परत येणार नाही, हे खरं सांगतो. पण ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून झिजण्याचा वेग मंदावतो.' यात धमकी नाही आणि खोटा दिलासाही नाही. एवढ्यावर तो विषय संपवावा.

त्यानंतर एक आठवड्याचं काम. 'या आठवड्यात सिगारेट कमी करू नका. फक्त पाकिटाला कागदाची एक पट्टी रबरबँडने बांधा. प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ लिहा आणि त्याआधी काय केलंत ते एका शब्दात लिहा.' पेटवण्याआधी, हे महत्त्वाचं. नंतर लिहायचं म्हटलं की राहून जातं. आठवड्याने पट्ट्या मांडल्या की दिवसाचं चित्र दिसतं. आप्पांच्या पट्टीवर 'उठलो', 'चहा', 'जेवण', 'गाडी लावली', 'मुक्काम' हे शब्द पुन्हा पुन्हा येतील. अठरापैकी सात चहाबरोबरच्या असतील, तर पत्राचं दुसरं पान चहाबद्दल लिहायचं, हे तिथंच कळतं.

मग तारीख. आप्पा म्हणतील, 'डॉक्टर, हळूहळू कमी करतो.' बहुतेक सगळे हेच म्हणतात. यातली अडचण अशी की सिगारेटी निम्म्या केल्या तरी माणूस नकळत झुरके लांब आणि खोल घेतो, थेट बुडापर्यंत ओढतो, आणि निकोटिन निम्म्यापेक्षा बरंच जास्त मिळवतो. शिवाय उरलेल्या नऊ सिगारेटी दिवसभराचं बक्षीस होऊन बसतात. ब्रिटनमधल्याच २०१६च्या एका चाचणीत ठरल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनी सिगारेटमुक्त होते, आधी दोन आठवडे हळूहळू कमी करत आलेल्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना निकोटिनचं औषध मिळालं होतं. फरक खूप मोठा नाही, म्हणून कुणी हट्टच धरला तर मोडता घालू नका, पण शेवटची तारीख मात्र लिहून घ्या. आप्पांसाठी दोन दिवसांच्या सुटीचा पहिला दिवस चांगला. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे दोन दिवस तरी स्टिअरिंग हातात नसतं. आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर आणि गणवेशाच्या खिशातली एखादी उरलेली सिगारेटसुद्धा काढून टाकायची.

आता औषध, आणि इथं मी थोडा वेळ घेणार आहे, कारण बहुतेक प्रयत्न इथंच फसतात. निकोटिनचं च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ चं द्यायचं. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, म्हणजे आप्पांना दिवसाला दहा-बारा. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी एक, आणि शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक. लोक काय करतात? तलफ अनावर झाली की एक चघळतात, दिवसाला दोन-तीन, आणि म्हणतात, 'काही उपयोग नाही.' सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, च्युइंगमचं चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. भडकलेली आग विझवण्याचं काम ते करत नाही, म्हणून ते घड्याळाप्रमाणे घ्यायचं.

ते चघळण्याचीही रीत आहे आणि ती पत्रात सविस्तर लिहावी : 'हळूहळू चावा. मिरीसारखा तिखट झणझणीत स्वाद आला की चावणं थांबवा आणि ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. झणझण गेली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा ठेवा, या वेळी दुसऱ्या गालात. अर्ध्या तासाने टाकून द्या.' साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथून फारसं कामाला येत नाही, उलट उचक्या, मळमळ आणि छातीत जळजळ सुरू होते. पेशंट 'मला ते सोसत नाही' म्हणाला, तर आधी तुमच्यासमोर एक चघळायला सांगा. दुसरी चूक चहाची. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला लाळ किंचित अल्कधर्मी लागते. चहा, कॉफी, लिंबूपाणी, शीतपेयं यांनी ती आम्ल होते. त्यामुळे आधीची पंधरा मिनिटं आणि चघळत असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. स्टँडवर उतरून एका हातात कप आणि तोंडात च्युइंगम असेल, तर ते वाया गेलं.

कवळी असलेल्याला किंवा हे झेपत नसेल त्याला त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी द्या. पट्टी आणि च्युइंगम एकत्र दिलं तर परिणाम एकट्यापेक्षा चांगला मिळतो. व्हॅरेनिक्लीन आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्याही आहेत, पण चक्कर किंवा गुंगी येऊ शकते, म्हणून गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत त्या विचार करून द्याव्या लागतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर बुप्रोपिऑन नकोच.

आता चहाचं पान. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोरात चालतं आणि तेच एन्झाइम कॅफिनचा निचरा करतं. धूर थांबला की त्याचा वेग उतरतो, आणि पूर्वीइतकाच चहा पिऊनही रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, धडधडतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. आप्पा समजतात, हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे आहे, एक ओढली की थांबेल. प्रत्यक्षात यातला बराच त्रास चहाचा असू शकतो. म्हणून पत्रात सरळ लिहा : 'आठ कपांचे चार करा, दुपारी तीननंतर नको. आणि पहिले दोन आठवडे स्टँडच्या टपरीवर उभे राहू नका, थर्मास घरून न्या, केबिनमध्ये बसून प्या.' दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांनी स्वतः लक्ष घालावं. त्याचाही निचरा त्याच वाटेने होतो, तेव्हा मात्रा कमी करावी लागू शकते.

काही त्रास आधीच सांगून ठेवले की माणूस घाबरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. तोंड येतं, पोट साफ होत नाही, भूक वाढते. तलफ मात्र आपोआप ओसरते, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत. तेवढ्यात गाडीभोवती एक फेरी मारून टायर तपासले तरी वेळ निघून जातो. आपल्याकडचा आणखी एक धोका लिहायलाच हवा : कंडक्टर मित्र आपुलकीने तळहातावर चुना-तंबाखू मळून पुढे करतो. सिगारेट सुटली आणि चिमूट लागली, तर निकोटिन तेच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही कायम राहतो.

शेवटचा कागद वेगळ्या पाकिटात घाला आणि वर लिहा, 'एखादी ओढलीत तरच उघडा.' महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, तरी घसरण्याची सुरुवात बहुधा सुट्या सिगारेटनेच होते. आत एवढंच असावं : 'आप्पा, एक ओढली म्हणजे तारीख मोडली असं समजू नका. पाकीट विकत घेऊ नका. च्युइंगम आजच्या वेळेप्रमाणे चालू ठेवा, ते कमी पडत होतं का ते मोजा. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता ओढलीत ते त्याच कागदाच्या पट्टीवर लिहा आणि मला आज संध्याकाळी फोन करा. मी उचलला नाही तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला, तो पाकिटावरही छापलेला असतो. रागावणार नाही. पट्टी वाचून दाखवा, त्या वेळेला काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवू.'