परत आलेली ऑर्डर हिशोबात कशी धरायची

नमस्कार मंडळी. ऑनलाइन माल विकणाऱ्यांसाठी आजचं बोलणं आहे, जवळ कागद-पेन असेल तर घ्या, आकडे थोडेच आहेत पण लिहिले की लवकर कळतात.

एका ऑर्डरमागे हातात किती उरतं, हे विचारलं की बहुतेक जण विक्रीच्या किमतीतून मालाची खरेदी, पॅकिंग, कुरियर आणि पेमेंट गेटवेचा चार्ज वजा करतात आणि थांबतात. समजा, किंमत १०००, माल ४५०, पॅकिंग ३०, कुरियर ९०, आणि गेटवे २ टक्के म्हणजे २०. उरले ४१०. हा हिशोब बरोबरच आहे, फक्त तो ग्राहकाने ठेवून घेतलेल्या ऑर्डरचा आहे, परत आलेलीचा नाही.

आता रिटर्न धरू. शंभरातल्या १५ ऑर्डर परत येतात आणि परतीचं कुरियर १०० लागतं असं समजा. इथे खूप जण काय करतात, तर १०० चे १५ टक्के म्हणजे १५ काढतात, ४१० मधून वजा करतात आणि म्हणतात ३९५ उरले, चला छान आहे. आणि नेमकी इथेच गडबड होते बघा, कारण ऑर्डर परत आली की परतीचं भाडं तर जातंच पण त्या ऑर्डरवर मिळणार होते ते ४१० सुद्धा मिळत नाहीत, पूर्ण १००० ग्राहकाला द्यावे लागतात.

मग परत आलेल्या एका ऑर्डरवर खरं काय होतं ते नीट मांडू. जातानाचं पॅकिंग ३० गेलं. जातानाचं कुरियर ९० गेलं. गेटवेचे २० पण गेले, कारण रिफंड केला तरी बरेच गेटवे आपला चार्ज परत देत नाहीत, तुमचा देतो का ते त्याच्या अटींमध्ये एकदा वाचून घ्या. परतीचे १००. माल उघडून तपासून पुन्हा पॅक करायला १५ धरा. झाले २५५. राहिला माल. तो परत आला म्हणजे ४५० वाचले असं धरू नका, काही नग डागाळतात, काहींचा बॉक्स फाटतो, काही वापरूनच परत येतात. दहातले ३ नग पुन्हा विकता येत नाहीत असं धरलं तर ४५० चे ३० टक्के, १३५. एकूण तोटा ३९०.

आता शंभर ऑर्डर डोळ्यासमोर आणा. ८५ वर प्रत्येकी ४१० मिळाले, ते ३४,८५०. १५ वर प्रत्येकी ३९० गेले, ते ५,८५०. उरले २९,०००, म्हणजे पाठवलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे २९०. आपण ३९५ समजत होतो! जाहिरातीवर ऑर्डरमागे ३०० खर्च करणाऱ्याला वाटतं ९५ सुटले, प्रत्यक्षात १० खिशातून जातायत, आणि विक्री जितकी वाढेल तितके जास्त जातील.

अजून एक बघा. एक ऑर्डर परत आली की ४१० हुकतात आणि वर ३९० जातात, म्हणजे ८०० चा फरक. म्हणून रिटर्न १ टक्क्याने कमी झाले की दर ऑर्डरमागे ८ वाढतात. हा आकडा मला फार उपयोगाचा वाटतो. साइज चार्ट सुधारणं, खऱ्या उजेडात फोटो काढणं, जरा मजबूत बॉक्स घेणं, यातलं काय परवडेल ते त्यावरून लगेच ठरतं. बॉक्सला ऑर्डरमागे ५ जास्त लागणार असतील आणि त्याने रिटर्न १ टक्का जरी घटले तरी तो बॉक्स घ्याच.

पण हे सगळं रिटर्नच्या टक्क्यावर उभं आहे, आणि तोच बहुतेक वेळा चुकीचा काढलेला असतो. माल परत यायला दोन-चार आठवडे जातात. समजा मागच्या महिन्यात २०० ऑर्डर गेल्या, या महिन्यात ४००, आणि या महिन्यात परत आले ३० नग. ३० भागिले ४०० केलं तर साडेसात टक्के दिसतात. पण ते ३० जर मागच्या महिन्याच्या २०० मधले असतील तर खरा आकडा १५ टक्के आहे, आणि धंदा जोरात वाढत असताना तो असा हमखास कमी दिसतो. तेव्हा प्रत्येक रिटर्न ज्या महिन्यात ऑर्डर गेली त्याच महिन्याच्या खात्यात लिहा, आणि परतीची मुदत संपून वाटेतला माल पोचेपर्यंत त्या महिन्याचा टक्का पक्का धरू नका. तोपर्यंत भाव ठरवायला किंवा जाहिरातीचं बजेट काढायला जुन्या, पूर्ण झालेल्या महिन्याचाच टक्का वापरा, आणि तोही प्रत्येक प्रॉडक्टचा वेगळा काढा, कारण कपड्यांचा आणि वह्यांचा एकच टक्का धरला तर कपड्यांमधला तोटा वह्यांच्या नफ्याखाली झाकला जातो.